गल्लीतलं तुंबलेलं पाणी आणि वॉर्ड ऑफिस: रहिवासी गटाने काम कसं पुढे न्यावं, आणि ते कुठे अडतं

आमच्या गल्लीत सात सोसायट्या आहेत आणि खालच्या टोकाला एक वस्ती. पावसाळ्यात मधल्या सोसायटीच्या फाटकासमोर घोटाभर पाणी साचायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलायचं नाही. तीन वर्षं आम्ही तक्रारी करत होतो, आणि तीनही वर्षं त्या तक्रारी 'निकाली' निघत होत्या. चौथ्या वर्षी काम झालं. त्या चौथ्या वर्षी आम्ही काय वेगळं केलं, ते इथे क्रमाने लिहिते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेत हा क्रम साधारण असाच लागू पडेल. कार्यालयाला कुणी वॉर्ड ऑफिस म्हणतं, कुणी प्रभाग कार्यालय, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय. प्रमुखपदी सहायक आयुक्त असतात आणि त्यांच्या हाताखाली रस्ते, गटारं, कचरा, पाणी, अतिक्रमण अशी खाती.

आधी गट कशाचा आहे ते ठरवा

सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिचा अधिकार कुंपणाच्या आत संपतो. फाटकाबाहेरच्या रस्त्याबद्दल सोसायटीचा सचिव हा इतर नागरिकांसारखाच एक नागरिक. म्हणून रस्त्याच्या प्रश्नासाठी अनेक सोसायट्यांचा मिळून गट लागतो. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेली एएलएमची पद्धत, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन वॉर्ड ऑफिसशी कचरा आणि साफसफाईबद्दल थेट काम करणं, याच गरजेतून आली.

अशा गटाची नोंदणी करावी का, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच येतो आणि महिनोन्‌महिने वेळ खातो. पत्र लिहायला, अधिकाऱ्याला भेटायला, माहिती मागायला नोंदणी लागत नाही. गटाच्या नावाने बँकेत खातं उघडायचं असेल किंवा करार करायचा असेल तर ती लागते. आम्ही नोंदणी केली नाही. दोन माणसं नेमली: एक पत्रव्यवहार सांभाळणारी आणि एक वही सांभाळणारी. त्याहून जास्त पदं केली असती तर पदांवरूनच भांडलो असतो, असं मला आजही वाटतं.

तक्रार करण्याआधी पंधरा दिवस नुसतं पाहा

पहिल्या तीन वर्षांत आमची तक्रार एकच असायची: 'गल्लीत पाणी तुंबतं.' ही तक्रार आपोआप सफाईच्या माणसांकडे जाते. ते येतात, चेंबरच्या जाळीवरचा कचरा आणि आतला गाळ काढतात, फोटो काढतात आणि तक्रार बंद करतात. यात त्यांनी फसवलेलं नसतं. जे सांगितलं ते त्यांनी केलेलं असतं. आम्ही एकदा चिडून दुय्यम अभियंत्यांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "ताई, दोनदा गाळ काढलाय. आणखी काय करू?" त्यांचं खरं होतं. तक्रारीत जो शब्द असतो त्यावरून ती कोणत्या खात्याकडे जाणार ते ठरतं, आणि आमचा शब्द चुकीचा होता.

चौथ्या वर्षी जूनमध्ये आम्ही वही घातली. गल्लीच्या वरच्या नाक्यापासून खालच्या चौकापर्यंत पावसाळी गटाराची पाच चेंबरं आहेत. त्यांना वरून खाली एक ते पाच असे आकडे दिले. प्रत्येक मोठ्या पावसानंतर तीन वेळा पाहणी करायची: पाऊस थांबल्यावर लगेच, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दर वेळी जाळीतून टॉर्च मारून आत पाणी किती आहे ते पाहायचं, फोटो काढायचा, तारीख आणि वेळ लिहायची. झाकण उघडायचं नाही, आत कुणाला उतरवायचं तर मुळीच नाही. आत जीवघेणे वायू असू शकतात, आणि गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उत्साहाच्या भरात कुणीतरी 'बिगारी बोलावून उघडून बघू' म्हणतंच. त्याला तिथेच थांबवा.

सहा पावसांनंतर वहीत एकच चित्र दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा एक, दोन आणि तीन ही चेंबरं काठोकाठ भरलेली, आणि चार व पाच जवळजवळ कोरडी. म्हणजे चेंबरं साफच होती. पाणी तीन आणि चार यांच्यामधल्या पाइपात अडत होतं. वरचं भरलेलं आणि खालचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. सगळीच भरलेली असतील तर अडथळा शेवटच्याच्याही पुढे, नाल्याकडे. आणि सगळी कोरडी असूनही रस्त्यावर पाणी असेल तर रस्त्याचा उतार चुकलेला आहे किंवा जाळ्यांची तोंडं रस्त्यापेक्षा वर गेली आहेत. रस्त्यावर थरावर थर चढतात तेव्हा हे हमखास होतं.

तीन आणि चारच्या मध्ये रस्त्यावर दीडेक हात रुंदीचा डांबराचा एक पट्टा खचलेला दिसत होता. आमच्या तक्रारी सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात तिथे केबलसाठी खोदाई झाली होती. गटाराच्या पाइपातून केबल घालणं किंवा खोदताना पाइप फोडून तसाच बुजवणं, हे शहरात नेहमी घडणारं दुखणं आहे.

रस्ता कुणाचा, हे कागदावर मिळवा

यात गट बहुतेक वेळा घसरतात. गल्ली रोज वापरात असली तरी ती महापालिकेच्या ताब्यातली असेलच असं नाही. जुन्या ले-आउटमधले अंतर्गत रस्ते कित्येकदा विकासकाने महापालिकेकडे सोपवलेलेच नसतात. तसं असेल तर वॉर्ड ऑफिस 'खासगी रस्ता आहे, खर्च करता येत नाही' असं सांगेल, आणि नियमाने ते बरोबर असेल. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा प्रदेश विकास प्राधिकरणाचा असू शकतो. खांब वीज कंपनीचा, पार्किंगवरची कारवाई वाहतूक पोलिसांची.

हे माहिती अधिकारातून कळतं. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, एका नागरिकाच्या नावाने करायचा, गटाच्या नावाने नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, आणि १० रुपये शुल्क. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवावा लागतो. त्यामुळे 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर तोंडी न मिळता लेखी मिळतं, आणि मालक कोण ते कळतं. आम्हाला तेच हवं होतं.

'पाणी का तुंबतं?' किंवा 'दोषींवर कारवाई कधी?' असं विचारू नका. कायद्याखाली मिळते ती कार्यालयाच्या नोंदीत असलेली माहिती, स्पष्टीकरण मिळत नाही. आमचा अर्ज असा होता:

> अमुक मार्गावर (वरचा नाका ते खालचा चौक) दि. ०१/१०/२०२० ते ३१/०५/२०२१ या काळात दिलेल्या खोदाई परवानग्यांच्या प्रती. त्या परवानग्यांतील रस्ता पूर्ववत करण्याच्या अटी. खोदाईनंतर केलेल्या पाहणीच्या नोंदींच्या प्रती. तसेच सदर मार्ग महापालिकेच्या ताब्यात असल्याबाबतच्या नोंदीची प्रत.

उत्तर २८ व्या दिवशी आलं. रस्ता महापालिकेच्या ताब्यात होता. खोदाईची परवानगी एका दूरसंचार कंपनीला दिलेली होती, आणि पाहणीची नोंद 'उपलब्ध नाही'. तिसऱ्या मुद्द्यावरून भांडायचा मोह झाला होता, पण आम्ही तो सोडून दिला. आम्हाला पाइप दुरुस्त हवा होता, चौकशी नको होती. ३० दिवसांत उत्तर आलं नसतं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील केलं असतं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे खूप वेळ जातो. चालू पावसाळ्याच्या कामासाठी त्याचा उपयोग नाही.

पत्रात एकच काम मागा, आणि पोच घ्या

आता पत्र लिहायला हातात काहीतरी होतं. विषयात आम्ही लिहिलं: 'चेंबर क्र. ३ व ४ यांच्यामधील पर्जन्य जलवाहिनीची तपासणी व दुरुस्ती.' सोबत सहा पावसांच्या नोंदींचं एक पान, खचलेल्या पट्ट्याचा फोटो, माहिती अधिकारातल्या परवानगीची प्रत आणि मागच्या बंद तक्रारींचे क्रमांक. पत्र सहायक आयुक्तांना, प्रत परिरक्षण खात्याच्या सहायक अभियंत्यांना. आवक कक्षात दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत हा क्रमांकच कामाला येतो. त्याच पत्रात खड्डे, फेरीवाले, झाडाच्या फांद्या, कुत्री असं काहीही घालू नका. चार विषयांचं पत्र चार टेबलांवर फिरतं आणि कुठेच थांबत नाही.

आठ दिवसांनी भेट मागितली, ती तक्रारीसाठी नव्हे तर संयुक्त पाहणीसाठी. कनिष्ठ अभियंता आणि दुय्यम अभियंता आले. आम्ही फक्त तिघं उभे होतो. पंचवीस माणसं जमली की अधिकारी बोलत नाही, ऐकून घेतो आणि निघून जातो. वही उघडून दाखवली तेव्हा दुय्यम अभियंत्यांनी स्वतः तीन नंबरच्या जाळीत टॉर्च मारली. ते म्हणाले, "पाइप बदलावा लागेल. पण आता तरतूद नाही."

'तरतूद नाही' हे वाक्य ऐकून बरेच गट परत फिरतात किंवा मोर्चा काढतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वॉर्ड ऑफिसकडे गाळ काढणं, बारीक दुरुस्ती अशा देखभालीच्या कामांसाठी वर्षाचे पैसे ठरलेले असतात. पाइप बदलायचा तर त्याचं वेगळं एस्टिमेट, मंजुरी आणि वर्क ऑर्डर लागते. पैसे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचे असतात, आणि पुढच्या वर्षाच्या मागण्या गोळा करायला दिवाळीच्या आसपास सुरुवात होते. म्हणून जुलैमध्ये मिळालेला नकार हा ऑक्टोबरसाठीची तयारी समजायचा. पुण्यात तर २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे अर्ज पावसाळ्यातच मागवले जातात, त्यामुळे तिथल्या गटांनी दिवाळीची वाट पाहू नये.

आम्ही पाहणी झाली त्याच संध्याकाळी दुय्यम अभियंत्यांच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं: आज कोण आलं, काय पाहिलं, काय ठरलं. खाली वाक्य टाकलं, 'नोंदीत काही चूक असल्यास कृपया कळवावे.' पुढे सप्टेंबरमध्ये त्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांना तेच पत्र दाखवलं आणि आम्हाला पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही. बदल्या होत राहतात. कार्यालयाची आठवण तुटते तेव्हा गटाची वही उपयोगी पडते, आणि माझ्या मते रहिवासी गटाचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

जे आम्हाला दिसलं नव्हतं

ऑक्टोबरमध्ये मागणी देण्याआधी आम्ही खालच्या वस्तीत गेलो, तेही सह्या हव्या होत्या म्हणून. तिथल्या एका बाईंनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "तुमचं पाणी उतरलं की आमच्या दारात चढतं. हा पाइप मोकळा केलात तर आमचं काय?"

आमच्यापैकी कुणीही हा विचार केलेला नव्हता. पाच नंबरचं चेंबर खालच्या चौकात एका जुन्या मोरीत सुटतं, आणि त्या मोरीचं तोंड अर्धं बुजलेलं होतं. वरचा अडथळा खरं तर वस्तीला थोडंफार वाचवत होता. पाण्याच्या कामात खालून वर यावं लागतं: आधी शेवटचं तोंड, मग पाइप. अभियंत्यांना हे माहीत असतं, पण आमच्या पत्रात एकच तुकडा मागितलेला होता आणि ते त्या तुकड्याचंच एस्टिमेट करणार होते.

इथे गटाच्या मर्यादेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आमच्या बैठका एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी व्हायच्या. वस्तीतल्या माणसांना त्यात आडकाठी नव्हती, पण बोलावणंही नव्हतं. पत्रावर मात्र आम्ही 'अमुक मार्गावरील समस्त रहिवासी' असं लिहीत होतो. निवडून न आलेला गट जेव्हा 'समस्त' म्हणतो तेव्हा अधिकाऱ्याने ते तपासून पाहणं योग्यच आहे. आम्ही शीर्षक बदलून सातही सोसायट्यांची नावं लिहिली. वस्तीतल्या दोघींच्या सह्या स्वतंत्र घेतल्या आणि मागणीचा क्रम उलटा केला: पहिलं काम मोरीचं तोंड, दुसरं पाइप.

फेरीवाल्यांचा ठराव

त्याच सुमारास गटात एक ठराव आला की याच ओघात चौकातल्या भाजीवाल्यांनाही हटवायला सांगू, कचरा तेच करतात. मी विरोध केला, आणि तो नुसत्या सहानुभूतीपोटी नव्हता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि स्थलांतर करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. जागा ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचं मत घ्यावं लागतं, आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. रहिवासी संघांनाही तिथे जागा मिळू शकते, पण ती अनेकांपैकी एक म्हणून. आमच्या पत्राने भाजीवाले गेले असते तर ते बेकायदा गेले असते. भाजीवाल्यांशी बोलून टोपल्यांची जागा मोरीच्या तोंडापासून चार हात दूर केली. तेवढंच आमच्या हातात होतं.

स्वतः करून टाकू का?

नोव्हेंबरमध्ये कुणीतरी म्हणालं, वर्गणी काढून पाइप आपणच बदलू. हे ऐकायला बरं वाटतं, पण सार्वजनिक रस्ता परवानगीशिवाय खोदता येत नाही. आणि पुढे तो खचला, कुणाचा पाय मोडला, तर जबाबदार कोण? स्वयंसेवकांनी परस्पर गतिरोधक घालणं किंवा पट्टे रंगवणं याचंही तसंच. झाडाची फांदी सोसायटीच्या आवारातली असली तरी १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ओला कचरा वेगळा करणं, आवारात खत करणं, जाळ्यांवर नजर ठेवणं ही कामं गटाची. खोदाई गटाची नव्हे. काम चालू असताना कामगारांना चहा द्या, पैसे देऊ नका. ठेकेदाराचं बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून. त्यात तुमच्या पैशांनी झालेलं काम मिसळलं की नंतर प्रश्न विचारायला तुम्हाला जागा उरत नाही.

वर कुणाकडे जाता येतं

वॉर्ड ऑफिस ऐकत नसेल तर पुढची पायरी नगरसेवक आणि प्रभाग समिती. ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समिती असावी असं ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीत स्वयंसेवी आणि लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेण्याची सोय आहे. हे तिघं नगरसेवक नामनिर्देशित करतात, म्हणजे गटाला हक्काने तिथे बसता येत नाही. मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह बऱ्याच महापालिकांत बराच काळ प्रशासक होते. निवडून आलेले सदस्यच नव्हते, त्यामुळे अशी समितीही नव्हती. त्या काळात वॉर्ड ऑफिसच्या वर जाण्याचा मार्ग फक्त उपायुक्त आणि आयुक्त असा उरला होता.

काम चालू असताना

मंजुरी आली आणि फेब्रुवारीत काम सुरू झालं. वर्क ऑर्डरची प्रत मागून घ्या. त्यात पाइपचा व्यास, लांबी, मुदत आणि दोषदायित्वाचा कालावधी असतो. या कालावधीत बिघाड झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. म्हणून पहिल्याच पावसात कुठे खचलं तर 'पुन्हा काम काढा' असं न लिहिता 'दोषदायित्व कालावधीतील दुरुस्ती' असं लिहायचं. पाइप बुजवण्याआधी एक फोटो घ्या, शेजारी टेप धरून. नंतर तो पाइप कुणालाच दिसणार नाही.

आमच्या ठिकाणी पाइप उघडल्यावर दिसलं की दूरसंचारची केबल पाइपाला आरपार भोकं पाडून गेलेली होती आणि तिला प्लास्टिक व चिंध्यांचा गुंता अडकला होता. पाइप बदलला, केबल बाजूने घेतली. मोरीचं तोंड मे महिन्यात साफ झालं. मोरी रुंद करायची मागणी मात्र अडून आहे. ती मोठ्या नाल्याला जोडलेली असल्याने मुख्यालयातल्या पर्जन्य जलवाहिनी खात्याकडे गेली, आणि तिथे वॉर्डच्या सहायक आयुक्तांचाही शब्द चालत नाही. त्यांनी शिफारस केली, त्यांना तेवढंच करता येतं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फाटकासमोरचं पाणी पाऊण तासात उतरलं. खालच्या चौकात नाला भरला की अजून घोटाभर चढतं. वहीत आता सहावी नोंद असते, मोरीच्या तोंडाची, आणि ती त्या वस्तीतल्या बाई ठेवतात. मुख्यालयाला जाणारं पुढचं पत्र त्यांच्या नोंदींवरून लिहायचं ठरलं आहे, दिवाळीच्या आधी.